तीन मुद्द्यांच्या आधारे

अभ्यासकेंद्रातल्या विद्यार्थ्यांनी बाईंना ठेवलेलं नाव होतं 'साचेबाई', आणि बाईंना ते माहीत होतं. माहीत असून त्या रागावत नसत, कारण मनातल्या मनात त्यांना ते नाव आवडायचं. नावं ठेवायला तरी माणूस नाव घेण्याजोगा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

केंद्र म्हणजे एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरचे दोन वर्ग. आठवडाभर तिथे लहान मुलं पाढे म्हणत आणि रविवारी सकाळी त्याच बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसत. कुणी इस्पितळात नर्स, कुणी बेकरीत गल्ल्यावर, कुणी रात्रपाळी संपवून थेट आलेला पहारेकरी. पदवी राहून गेलेली ही मंडळी, आणि आता पदवीवाचून कुठेतरी अडलेली. त्यांना सामाजिक शास्त्रांचा पेपर शिकवणं हे बाईंचं काम.

या मंडळींना काही येत नव्हतं असं मुळीच नाही. उलट फार येत होतं, तेच दुखणं होतं. पेपरात बाकी सगळे प्रश्न दोन-चार ओळींचे, आणि शेवटी वीस गुणांचा एकच दीर्घोत्तरी प्रश्न, शब्दमर्यादा अडीचशे. 'कुटुंबाचे बदलते स्वरूप स्पष्ट करा' म्हटलं की बेकरीवाला आपल्या थोरल्या काकापासून सुरू करायचा, आणि काका घर सोडून जाईपर्यंत पाचशे शब्द झालेले असायचे. परीक्षक मर्यादेच्या पुढे दहा टक्के वाचतो, मग लाल रेघ मारतो. रेघेखाली तुम्ही सोनं लिहा नाहीतर माती, त्याला सारखंच. कितीतरी वर्षं बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि अखेर त्यांनी साचा बनवला.

साचा साधा होता. प्रस्तावना चाळीस शब्दांची. तिच्यात तीन वाक्यं: विषयाची व्याख्या, आज हा विषय का महत्त्वाचा ते, आणि उत्तर कुठल्या वाटेने जाणार ते. मग गाभा, एकशे सत्तर शब्द. त्यात तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला आधी विधान, मग कारण, मग एक उदाहरण. शेवटी समारोप, पुन्हा चाळीस शब्द: दोन्ही बाजूंची दखल, आणि पुढे काय व्हावं याचं एक वाक्य. शब्द मोजत बसायचे नाहीत. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द मावतात ते एकदा घरी मोजायचं. आठ मावत असतील तर प्रस्तावना पाच ओळी, गाभा एकवीस, समारोप पाच. पेपर हातात आला की आधी पेन्सिलीने समासात दोन बारीक खुणा करायच्या, आणि खूण आली की वाक्य संपवून पुढे सरकायचं, काका घरात असोत की बाहेर.

प्रस्तावनेचं तिसरं वाक्य तर बाईंनी कायमचं घडवून दिलं होतं. 'प्रस्तुत उत्तरात या विषयाचा तीन मुद्द्यांच्या आधारे विचार केला आहे.' समारोपाचं पहिलं वाक्यही तसंच ठरलेलं: 'थोडक्यात, या विषयाला दोन्ही बाजू आहेत.' परीक्षेला बसल्यावर हात थरथरतो, डोकं रिकामं होतं, अशा वेळी एक वाक्य तरी आपोआप कागदावर उतरावं, म्हणजे पेनाला धीर येतो. हे खरंच होतं. साचा आल्यापासून केंद्राचा निकाल निम्म्यावरून पाऊण वर्गावर गेला. बाईंनी तो साचा कधी छापून दिला नाही. फळ्यावर लिहायचा, सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, आणि पुसायचा.

या वर्षी परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि विद्यापीठाने परिपत्रक काढलं: दीर्घोत्तरी प्रश्नाची शब्दमर्यादा आता दोनशे. का, ते कुणी सांगितलं नाही. विद्यापीठाला शब्दांचं ओझं झालं असावं. बाईंनी कपाळाला हात लावला, आणि पुढच्या रविवारी फळ्यावर साच्याची काटछाट केली. पस्तीस, एकशे तीस, पस्तीस. एकशे तीसमध्ये तीन मुद्दे बसवायचे तर नुसती तोंडओळख होते, म्हणून त्यांनी मुद्दे दोनच ठेवले, भरीव. मग एक सराव-उत्तर लिहून घेतलं आणि पट्टी घेऊन तपासायला बसल्या. साडेचार ओळी, सोळा ओळी, साडेचार ओळी. सगळ्यांचं माप बरोबर होतं. बाई खूश झाल्या आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

परीक्षा झाली. महिन्याभराने, बाई आईचं औषध काढायला आतल्या खोलीत गेल्या असताना, फोन वाजला. तो आईने उचलला. आईचं बोलणं म्हणजे निव्वळ प्रस्तावना. कुणाचा फोन होता विचारलं की आधी फोन वाजला तेव्हा ती काय करत होती, मग गुडघा कसा धरला होता, मग उचलेपर्यंत बंद पडेल अशी भीती कशी वाटली.

"आई, गाभा सांग," बाई म्हणाल्या.

"विद्यापीठातून होता. तुझ्या पोरांनी कॉपी केलीय म्हणे. उद्या अकराला बोलावलंय."

बाईंची 'पोरं' चाळिशीच्या आगेमागची होती. त्यांनी परीक्षा विभागात उलटा फोन लावला. तिथल्या कारकुनाने आवाज खाली आणून सांगितलं की तुमच्या केंद्राच्या तेवीसच्या तेवीस उत्तरपत्रिका बाजूला काढल्यात. दीर्घोत्तरी उत्तराची सुरुवात सगळ्यांची एक, शेवटही बहुतेकांचा एक.

"अहो, तो साचा आहे. मी शिकवलाय तो," बाई म्हणाल्या.

"तेवढंच असतं तर चाललं असतं, मॅडम. सगळ्यांची चूकसुद्धा एकच आहे."

कसली चूक ते त्याला सांगता येत नव्हतं. बाईंनी फोन ठेवला. आईने गोळी गिळली, वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "सगळ्यांची चूक एकच म्हणजे घरचीच असणार. आडात असेल तेच पोहऱ्यात येतं."

"माझ्या साच्यात चूक नाही," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांना शंभर टक्के खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत लांब टेबलामागे दोघं बसले होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्तीला टेकलेले प्राध्यापक, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा की ओरडले तरी कुणाला कळू नये. शेजारी पेपर तपासणारा परीक्षक, तरुण, कडक इस्त्रीचा. टेबलावर तेवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. खोलीबाहेरच्या बाकावर त्या तेवीसांपैकी दोघांना बोलावून बसवलं होतं: एक इस्पितळातली सिस्टर, आणि एक बसचा ड्रायव्हर. सिस्टर रडून रडून लाल झाली होती. ड्रायव्हर खाकी गणवेशातच आला होता, दोनला त्याची फेरी होती. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

परीक्षकाने प्रश्न वाचून दाखवला. "'नोकरीमुळे शहरांतील शेजार ही संस्था संपुष्टात आली आहे.' या विधानाचे परीक्षण करा. दोनशे शब्द." मग एकेक उत्तरपत्रिका उघडून बोट ठेवत गेला. "प्रस्तुत उत्तरात या विषयाचा तीन मुद्द्यांच्या आधारे विचार केला आहे. प्रस्तुत उत्तरात तीन मुद्द्यांच्या आधारे. तीन मुद्द्यांच्या आधारे. बरं. आता मुद्दे मोजा, मॅडम. पहिला, कामाचे तास वाढले, माणसं घरी नसतात. दुसरा, भाड्याची घरं, सतत बदलणारे भाडेकरू. तिसरा?"

बाईंनी पान उलटलं. तिसरा नव्हता. दुसऱ्या उत्तरपत्रिकेत नव्हता. तिसऱ्या, चौथ्या, कशातच नव्हता. दोन मुद्दे झाले की समारोप.

"बरोबर उत्तरं सारखी येऊ शकतात," परीक्षक म्हणाला. "चुका सारख्या येत नाहीत. चूक सारखी आली की समजायचं, एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. बावीस जणांनी तीन म्हणून दोनच लिहिलेत. फक्त एकाने तीन लिहिलेत." त्याने गठ्ठ्यातली शेवटची उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "हा पहिल्या बाकावर होता. म्हणजे मूळ उत्तर याचं. बाकीच्यांनी घाईघाईत उतरवताना तिसरा मुद्दा गाळला. ज्यांनी उतरवलं त्यांचा पेपर रद्द होईल. ज्याने उतरवू दिलं त्याला नियमाप्रमाणे दोन वर्षं परीक्षाबंदी."

ती उत्तरपत्रिका ड्रायव्हरची होती.

बाईंनी तिच्यावरचं नाव पुन्हा वाचलं. ड्रायव्हरची गोष्ट केंद्रात सगळ्यांना पाठ होती. डेपोत वाहतूक निरीक्षकाची जागा निघाली होती, पदवी हवी होती, आणि वयाच्या अटीत बसायचं तर हेच शेवटचं वर्ष होतं. दोन वर्षं बंदी म्हणजे मग रिटायर होईपर्यंत गिअरच टाकत राहायचं. त्याच्या कंबरेने तर आधीच राजीनामा दिला होता, असं तोच हसत हसत सांगायचा.

"साहेब, सुरुवात आणि शेवट मी शिकवलाय," बाई म्हणाल्या. "पाठ करून घेतलाय. त्यात कॉपी कुठली?"

"मान्य," अध्यक्ष पहिल्यांदाच बोलले. "पण मग बाई, चूकसुद्धा तुम्हीच शिकवलीत का?"

आता खरं पाहता इथे थांबून दोन क्षण विचार करायला हवा होता. पण इतक्या वर्षांचा निकाल बाईंच्या पाठीशी उभा होता, आणि यशाने माणसाची मान ताठ होते ती होतेच. "माझ्या साच्यात चूक नाही," त्या म्हणाल्या. "प्रस्तावनेत जेवढं वचन द्यायचं तेवढं गाभ्यात पाळायचं, हे मी पहिल्या तासाला सांगते."

परीक्षकाने लगेच ते लिहून घेतलं. "म्हणजे मार्गदर्शकांच्या म्हणण्यानुसार, ही चूक शिकवण्यातून आलेली नाही."

लिहून झाल्यावर बाईंना उमगलं की आपण आपली बाजू मांडायला गेलो आणि ड्रायव्हरच्या गळ्यातला फास आवळला. चूक साच्याची नाही, तर मग ती कॉपीची. तिसरी वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती. त्या काही बोलणार तोच अध्यक्षांनी हात वर केला.

"वाद नको. लिहून पाहू. त्या दोघांना आत बोलवा. कोरा कागद द्या. नवा प्रश्न मी देतो, एकमेकांकडे पाठ करून बसू दे. इथे तरी कुणी कुणाचं उतरवणार नाही."

सिस्टरला खिडकीकडे तोंड करून बसवलं, ड्रायव्हरला दाराकडे. अध्यक्षांनी छताकडे बघत प्रश्न रचला: "'घरातील निर्णय कोण घेतो यावरून कुटुंबातील सत्ता कोणाकडे आहे हे कळते.' चर्चा करा. दोनशे शब्द. पंधरा मिनिटं."

दोघांनी आधी पेन्सिलीने समासात दोन बारीक खुणा केल्या. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मग खोलीत पंख्याचा आणि दोन पेनांचा आवाज राहिला. सिस्टरचा पेन सपासप चालला होता. मघाशी रडत होती ती हीच का, असा प्रश्न पडावा. पेनाला धीर आला होता. ड्रायव्हर मात्र दोन ओळी लिहायचा, थांबायचा, दाराबाहेर नसलेल्या रस्त्याकडे बघायचा आणि पुन्हा दोन ओळी लिहायचा. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्या बसल्या नसत्या.

वेळ संपली. अध्यक्षांनी सिस्टरचा कागद घेतला आणि त्याच खालच्या आवाजात वाचू लागले. कुटुंब म्हणजे काय, एक वाक्य. आज घराघरांत कमावणारे हात वाढल्यामुळे सत्तेचा प्रश्न का महत्त्वाचा झाला, एक वाक्य. "'प्रस्तुत उत्तरात या विषयाचा तीन मुद्द्यांच्या आधारे विचार केला आहे.'" ते थांबले, चष्मा वर सरकवला आणि पुढे गेले. पहिला मुद्दा, जो कमावतो त्याचं मत मोठं. उदाहरण. दुसरा मुद्दा, वयाचा मान. उदाहरण. "'थोडक्यात, या विषयाला दोन्ही बाजू आहेत...'"

"सिस्टर," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तीन मुद्दे म्हणालात. लिहिलेत किती?"

सिस्टरने कागद हातात घेतला. बोटाने मोजले. पुन्हा मोजले. तिचं तोंड उघडंच राहिलं. "दोन," ती म्हणाली. "पण सर, वाक्य तसंच आहे ना. मॅडमनी दिलेलं. त्यात तीनच आहे. आणि मुद्दे दोनच लिहायचे, शब्द कमी झाल्यापासून. फळ्यावर होतं तसं."

परीक्षकाने बाईंकडे पाहिलं. अध्यक्षांनी मुद्दामच पाहिलं नसावं, ते जुन्या वळणाचे होते.

बाईंच्या डोळ्यांसमोर तो रविवारचा फळा आला. डस्टरने त्यांनी चाळीसचे पस्तीस केले होते, एकशे सत्तरचे एकशे तीस केले होते, तिसऱ्या मुद्द्यावरून डस्टर फिरवला होता. प्रस्तावनेच्या तिसऱ्या वाक्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते वाक्य कायमचं होतं ना. घरातलं कायमचं माणूस कसं असतं, रोज दिसतं म्हणून कुणी बघत नाही, तसं ते वाक्य. मग वर्गाने ते म्हटलं, खणखणीत आवाजात, तीन मुद्द्यांच्या आधारे, आणि लगेच पुढे दोन मुद्दे म्हटले. बाईंनी पट्टी लावून ओळी मोजल्या. मुद्दे मोजले नाहीत.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. मग परीक्षकाच्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "साहेब, चूक साच्यातच आहे. मर्यादा कमी झाली तेव्हा मी गाभा कापला आणि प्रस्तावना कापायची विसरले. मघाशी म्हणाले ते खोडा."

परीक्षकाने ते खोडलं. कडक इस्त्रीचा असला तरी माणूस सरळ होता. त्याने गठ्ठा पुन्हा पुढे ओढला, एकेक करून सगळ्या उत्तरपत्रिका उघडल्या आणि या वेळी पहिल्या साडेचार ओळींवर आणि शेवटच्या साडेचार ओळींवर कोरे कागद ठेवून फक्त मधलं वाचलं. बेकरीवाल्याचा शेजारी उधारीवर पाव न्यायचा, तो जागा सोडून गेला होता. पहारेकऱ्याला दिवसा झोपावं लागतं म्हणून त्याने शेजाऱ्याचं तोंड वर्षभर पाहिलं नव्हतं. सिस्टरच्या मजल्यावर दर सहा महिन्यांनी नवं कुटुंब येत होतं. मुद्दे बाईंच्या तासातले, उदाहरणं ज्याची त्याची. कॉपी करणारा माणूस दुसऱ्याचा शेजारीसुद्धा उचलतो. इथे तेवीस जणांचे तेवीस वेगळे शेजारी होते.

"हं," परीक्षक म्हणाला. "मग याचा तिसरा मुद्दा कुठून आला?"

अध्यक्षांनी ड्रायव्हरचा आजचा कागद उचलला. प्रस्तावनेचं तिसरं वाक्य तेच, अक्षर न् अक्षर तेच. गाभ्यात मुद्दे तीन, प्रत्येक आटोपशीर, विधान-कारण-उदाहरण, फापटपसारा नाही. बिघाड झाला की डेपोच्या कंट्रोल रूमला एका वाक्यात कळवायची सवय असलेल्या माणसाला शब्द तोडणं जड जात नसावं. तिसरा मुद्दा अध्यक्षांनी मोठ्याने वाचला, म्हणजे त्यांच्या मानाने मोठ्याने. "'तिसरे, निर्णय घेणाऱ्याकडेच सत्ता असते असे नाही. कोणत्या गोष्टीचा निर्णय घ्यायचा हे जो ठरवतो त्याचा हात वरचा असतो. उदाहरणार्थ, माझ्या घरी सर्व निर्णय मी घेतो, परंतु कोणत्या बाबतीत घ्यायचे ते पत्नी ठरवते.'"

परीक्षक हसला. सिस्टरलाही रडता रडता हसू आलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरची परीक्षेतली उत्तरपत्रिका उघडली आणि तिथला तिसरा मुद्दा वाचला. "'तिसरे, शेजार घराला चिकटलेला नसतो, वेळेला चिकटलेला असतो. माझ्या सकाळच्या फेरीला रोज तीच माणसे चढतात. एक जण दिसला नाही तर बाकीचे मला थांबायला सांगतात. ही माणसे एकमेकांच्या घरी कधी गेलेली नाहीत.'" आणि खाली समारोप होता. त्यात दोन्ही बाजू नव्हत्या. "'म्हणून शेजार संपला असे म्हणता येणार नाही. त्याचा पत्ता बदलला आहे.'"

"परीक्षण करा म्हटलं की हे हवं असतं," अध्यक्ष परीक्षकाला म्हणाले. "तुम्ही याला किती दिलेत?"

"गुण दिलेच नाहीत, सर. बाजूला काढली होती."

"मग आता द्या."

निर्णय तिथल्या तिथे झाला. कॉपी नाही, बंदी नाही, तेवीस जणांचे निकाल लागतील. बावीस जणांनी दिलेलं वचन पाळलं नाही म्हणून दीर्घोत्तरी प्रश्नात दोन-दोन गुण कमी. काठावरचे एक-दोघं त्यात लटकणार होते, पण नियमाला इलाज नव्हता. बाईंना अध्यक्षांनी काही सुनावलं नाही. दारापर्यंत सोडायला आले आणि एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या साच्यानेच ही माणसं पास होतायत, ते मी पाहिलंय. पण समारोपसुद्धा आधीच लिहून ठेवायचा म्हणजे जरा अति होतं."

बाहेर सिस्टरने बाईंच्या पाया पडायचा घाट घातला. बाईंनी तिला जवळजवळ ओरडून थांबवलं आणि वॉर्डात वेळेवर जायला सांगितलं. ती जिन्याने धावतच गेली.

ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा होता. डेपो तिथून दोन चौक लांब होता. बाई त्याच्याबरोबर चालू लागल्या. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं सावली धरून बसली होती. 

"तुमच्या लक्षात आलं होतं ना?" बाईंनी विचारलं. "तीन म्हणतोय आणि दोन लिहितोय ते. आलं होतं म्हणूनच तिसरा लिहिलात. मग मला सांगितलं का नाहीत?"

ड्रायव्हर ओशाळला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं आणि खरं बोलणं जिवावर आलं होतं. "सांगितलं होतं, मॅडम."

"कधी?"

"त्याच रविवारी. हात वर केला होता मी. म्हटलं, मॅडम, तिसरा मुद्दा कुठला. तुम्ही म्हणालात, आता प्रश्न नकोत, वेळ कमी आहे, साचा भरा. मग मला वाटलं, तिसरा आपला आपणच शोधायचा असेल. म्हणजे ती तुमची युक्ती असेल."

बाई चालायच्या थांबल्या. त्यांना आठवेना. फळा आठवत होता, डस्टर आठवत होता, पट्टी आठवत होती. हात आठवत नव्हता. साच्यातल्या चुकीचं त्यांना समितीसमोर एवढं काही वाटलं नव्हतं, चूक कुणाचीही होते. आता मात्र भर रस्त्यात त्यांना स्वतःची लाज वाटली. माणूस हात वर करून उभा राहिला होता, पुढे दोन वर्षांची बंदी त्याच्या दारात आली होती, आणि त्या हाताचं त्यांना स्मरणसुद्धा नव्हतं.

"जाऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्यामुळेच तर दोनशे शब्दांत लिहायला शिकलो."

"आणखी काही विचारायचं राहिलंय का तुमचं?" बाईंनी विचारलं. "वर्षभरातलं. काहीही."

"आहे की. बरंच आहे."

"मग विचारा. डेपो येईपर्यंत विचारा."

ड्रायव्हरने टोपी डोक्यावर चढवली. त्याने फार वेळ घेतला नाही, प्रश्न बऱ्याच दिवसांपासून तयार असावा. "समारोपात तुम्ही सगळ्यांना लिहायला लावता, दोन्ही बाजूंची दखल घ्या म्हणून. पण एक बाजू सरळसरळ खोटी असली, तर?"

बाईंनी मनातल्या मनात साचा वरून खालपर्यंत पाहिला. 

"माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "दुसरा विचारा."